चौथ्या पातळीच्या तिकिटाची पाळी

पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर विकणारी एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणू. ग्राहकांच्या तक्रारी, म्हणजे तिथल्या भाषेत तिकिटं, आठ-दहा जण सोडवतात. सोमवारी सकाळी त्यांना मॅनेजरची ईमेल येते: ‘आजपासून तिकीट निवडून उचलायचं नाही. यादीत जे सर्वांत वर असेल तेच घ्यायचं.’

यादी कशी लागणार, हेही ईमेलमध्ये लिहिलेलं आहे. पहिली पातळी म्हणजे काम पूर्ण ठप्प. ती रांगेत उभीच राहत नाही, थेट हातात घ्यायची. दुसरीला 60 गुण, तिसरीला 30, चौथीला 10. शिवाय प्रत्येक तिकिटाला कामकाजाच्या दर तासामागे 2 गुण वाढत जातात.

हे वाढते गुण कशाला? नुसत्या गांभीर्याने रांग लावली, तर चौथ्या पातळीच्या माणसाची पाळी कधी येतच नाही. दुसऱ्या पातळीची नवी तक्रार रोज येते आणि तो रोज मागे ढकलला जातो. संगणकशास्त्रात याला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार म्हणतात. त्यावरचा उपाय ‘एजिंग’: वाट पाहण्यालाही वजन द्यायचं. एमआयटीतला एक संगणक 1973 मध्ये बंद करताना 1967 पासून ताटकळलेलं एक काम त्यात सापडलं, अशी आख्यायिका ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना सांगितली जाते.

आता बुधवारची सकाळ घ्या. एका शाळेच्या पगारपावतीवर बोधचिन्ह पुसट छापलं जातंय. पातळी चौथी, पण तक्रार येऊन कामाचे 30 तास झालेत, म्हणून 10 अधिक 60, एकूण 70. दुसरीकडे एका कारखान्याच्या चाळीस कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी चुकीचा दिसतोय. पातळी दुसरी, तक्रार तासाभरापूर्वीची, गुण 62. बोधचिन्ह आधी!

हे खटकतं, पण हिशेब नीट पाहावा. सगळ्यांचे गुण एकाच वेगाने वाढतात, म्हणून दोन तिकिटांचा आपसातला क्रम पुढे कधीच बदलत नाही. दुसऱ्या पातळीला चौथीवर मिळते ती 50 गुणांची, म्हणजे 25 तासांची आघाडी. कारखान्याची तक्रार शाळेनंतर 25 तासांच्या आत आली असती, तर ती पुढेच राहिली असती. ती 29 तासांनी आली. त्यामुळे मॅनेजरने ठरवायचा खरा आकडा हा 25 तासांचा आहे. तो तीन दिवसांहून थोडा जास्त भरतो, आणि आपल्या ग्राहकांना तो मानवेल का, हे टीमने विचारायलाच हवं.

नियम बिघडतो तो बहुधा पातळी लावताना. जोरात ओरडणाऱ्या ग्राहकाचं तिकीट दुसऱ्या पातळीत जाऊ लागलं की महिन्याभरात अर्धी यादी तिथेच जमते आणि उरते फक्त आल्या क्रमाची रांग. म्हणून पातळी रागावरून नव्हे, तर किती जणांचं कोणतं काम अडलं यावरून ठरवावी.

दुसरी खोच घड्याळाची. ‘सुटलं’ म्हणून बंद केलेलं तिकीट ग्राहकाने पुन्हा उघडलं, तर तास शून्यापासून मोजायचे नाहीत. मॅनेजरने तेही लिहिलंय, आणि दर शुक्रवारी सरासरीऐवजी सर्वांत जुन्या तिकिटाचं वय कळवायला सांगितलंय. ते दर आठवड्याला वाढत असेल, तर येणारी कामं हातांपेक्षा जास्त आहेत. मग क्रम कसाही लावला तरी रांग लांबतच जाणार.