टिपेतला खटला

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक भागधारक नफ्याचा आकडा पाहतात आणि लाभांश किती ते शोधतात. मी आधी मागची पानं उघडतो. तिथे बारीक अक्षरात 'देणे म्हणून मान्य न केलेले दावे' अशी एक टीप असते. कंपनीवर चाललेले खटले बरेचदा तिथेच सापडतात.

खटला चालू असताना कंपनीला ठरवावं लागतं की आपण हरण्याची शक्यता किती. हरून पैसे द्यावे लागण्याचीच शक्यता जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येत असेल, तर ती रक्कम आजच खर्चात धरायची, म्हणजे तरतूद करायची. नफा तेवढ्याने लगेच घटतो. जिंकण्याकडे पारडं झुकलं असेल, पण हरणंही अशक्य नसेल, तर तो दावा फक्त टिपेत सांगायचा. याला संभाव्य दायित्व म्हणतात आणि त्याने नफ्याला धक्का लागत नाही. हरण्याची शक्यता नगण्यच असेल, तर टीपही लागत नाही.

भारती एअरटेलचं उदाहरण घ्या. परवाना शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचं, यावर दूरसंचार कंपन्यांचा सरकारशी वर्षानुवर्षं वाद होता. भाडं, व्याज, लाभांश ही मिळकत त्यात धरू नये, असं कंपन्या म्हणत. 2015 मध्ये लवादाने त्यांचं म्हणणं बरंचसं मान्य केलं. असा निकाल हातात असताना 'आम्ही जिंकू' हा अंदाज बिनबुडाचा म्हणता येत नाही. पण 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला.

सप्टेंबरची तिमाही तोवर संपली होती, हिशेब मात्र मंजूर व्हायचे होते. वाद जुनाच असल्याने निकालाचा भार त्याच तिमाहीत घ्यावा लागला. एअरटेलने 28,450 कोटी रुपये खर्ची टाकले आणि तिमाहीचा तोटा 23,045 कोटींवर गेला.

या रकमेची फोड नीट पाहा. मूळ शुल्क 6,164 कोटी, व्याज 12,219 कोटी, दंड 3,760 कोटी आणि दंडावरचं व्याज 6,307 कोटी. चार रुपयांतला जेमतेम एक रुपया मुद्दलाचा. खटला रेंगाळला, तसं बाकीचं वाढत गेलं.

म्हणून टीप वाचताना मी आधी पाहतो, दाव्याच्या रकमेत व्याज आणि दंड धरलाय की नुसतं मुद्दल. मग मागच्या दोन-तीन वर्षांच्या टिपा शेजारी ठेवतो. खालच्या न्यायालयात कंपनी हरली असूनही टिपेचा मजकूर तसाच राहिला असेल, तर लेखापरीक्षकांच्या अहवालात या खटल्याबद्दल काय म्हटलंय ते शोधतो. शेवटी दाव्याची रक्कम कंपनीच्या भांडवल आणि गंगाजळीशी ताडून बघतो. ती त्याच्या निम्म्यावर गेली असेल, तर त्या वर्षीच्या नफ्यावर मी भिस्त ठेवत नाही.