फोटोत अजून कोण कोण आलं?

सप्टेंबर म्हणजे सीएच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटची धावपळ. आपल्याच जिल्ह्यातल्या एका ऑफिसात माझी एक मैत्रीण आर्टिकलशिप करते. नाव-गाव सांगणार नाही, तशी अट आहे तिची. तिच्यासमोर एका कापूस व्यापाऱ्याचं बँक स्टेटमेंट होतं, छापील, चाळीसेक पानांचं. त्यातल्या नोंदी एक्सेलमध्ये टाकायच्या होत्या. तिने काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. मोबाइल काढला, पहिल्या पानाचा फोटो घेतला, चॅटजीपीटीत टाकला आणि लिहिलं, ‘याचा टेबल बनवून दे.’ दहा सेकंदांत टेबल हजर. ती खूश होऊन दुसरं पान लावत होती, तेवढ्यात मागून सर आले आणि म्हणाले, ‘काहून काढला फोटो? हा कागद आपला हाये का?’

तिला वाटलं, सर जुन्या वळणाचे आहेत, एआयला घाबरतात. मग सरांनी तोच फोटो तिला मोबाइलवर मोठा करून पाहायला लावला. तुम्हीही तो डोळ्यांसमोर आणा.

वर खातेदाराचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी. ते ठीक, तिच्याही लक्षात होतं. पण खालच्या नोंदी बघा. यूपीआयची नोंद साधारण अशी दिसते:

```
UPI/DR/5XXXXXXXXXXX/RAMXXX/YESB/98XXXXXXXX@ybl
```

मी आकडे झाकले आहेत, स्टेटमेंटवर ते झाकलेले नसतात. चौथ्या जागी ज्याला पैसे गेले त्याचं नाव आणि शेवटी त्याचा यूपीआय आयडी. आपल्याकडे बहुतेकांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबरच की! त्या एका पानावर कापूस विकलेले शेतकरी होते, हमाल होते, गाडीवाला होता. कोणाला किती रुपये, कुठल्या तारखेला, सगळं. यातला एकही माणूस त्या ऑफिसचा क्लायंट नाही. सीए कोण, हेही त्यांना ठाऊक नाही. आणि फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, टेबलावर पडलेल्या दुसऱ्याच फाइलच्या कव्हरवर, तिसऱ्याच एका माणसाचा पॅन नंबर स्पष्ट वाचता येत होता.

फोटो आणि टायपिंग यात फरक हाच आहे. टाइप करताना काय सांगायचं ते तुम्ही निवडता. कॅमेऱ्याला तसं काही कळत नाही, चौकटीत येईल ते सगळं तो घेतो. म्हणून ‘एआय वापरू नका’ असं न म्हणणारी ऑफिसंसुद्धा फोटोच्या बाबतीत वेगळा नियम करायला लागली आहेत.

आता तो फोटो गेला कुठे, ते बघू. पहिली प्रत मोबाइलच्या गॅलरीत. मैत्रिणीच्या फोनवर गुगल फोटोजचं बॅकअप चालू होतं, म्हणजे दुसरी प्रत तिच्या खासगी जीमेल खात्यात. घरच्या लॅपटॉपवर तेच खातं उघडं असतं आणि तिचा भाऊ त्यावर सिनेमे बघतो. तिसरी प्रत चॅटच्या इतिहासात, कंपनीच्या सर्व्हरवर. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यात, फुकट असो की पैसे भरून घेतलेलं, तुमचं संभाषण पुढचं मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकतं. तुम्ही बंद करेपर्यंत ती सोय चालूच असते. सेटिंगमध्ये `Data Controls` खाली `Improve the model for everyone` असं लिहिलेलं बटण दिसेल, ते हेच. कंपन्यांसाठीच्या सशुल्क खात्यांत मात्र हे मुळातच बंद असतं. त्यामुळे ‘आमच्या ऑफिसातही चॅटजीपीटी वापरतात’ म्हणून तुमच्या खासगी खात्यात टाकलेलं चालतं, असं होत नाही. नाव तेच असलं तरी करार वेगळा.

‘पण मी चॅट डिलीट केलं ना!’ मैत्रीणही हेच म्हणाली. डिलीट केलेली चॅट तीस दिवसांत सर्व्हरवरून काढू, असं कंपनी सांगते. म्हणजे लगेच नाही. त्यातही न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात मे २०२५मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ओपनएआयला चॅटचा मजकूर राखून ठेवायचा आदेश दिला होता, वापरणाऱ्यांनी डिलीट केलेला धरून. सप्टेंबरअखेर ते बंधन उठलं. पण मधल्या काळात ‘डिलीट’ दाबणाऱ्याच्या हातात काही नव्हतं.

व्यापाऱ्याला सीएवर विश्वास ठेवावा लागतो, त्याला कायद्याचा आधार आहे. चार्टर्ड अकाउंटंट कायदा १९४९चा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या पहिल्या भागाचा पहिलाच मुद्दा असा की, कामाच्या निमित्ताने कळलेली माहिती क्लायंटच्या संमतीशिवाय किंवा कायद्याची गरज नसताना दुसऱ्याला सांगणं हे व्यावसायिक गैरवर्तन. फोटो काढणारी आर्टिकल, पण जाब द्यावा लागणार सरांना. लॉ करणाऱ्यांनीही हे वाचावं. वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता वकिलाच्या कारकुनालाही लागू असते. कॉलेजात असताना कोर्टात जाऊन फाइली लावणारे तुमच्यातले बरेच जण तेच काम करतात.

सरकारी कार्यालयांचं म्हणाल, तर केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५च्या परिपत्रकात आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितलं की ऑफिसच्या संगणकांवर आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका, सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका आहे. हे परिपत्रक त्या मंत्रालयापुरतं आहे, तहसील कार्यालयाला ते आपोआप लागू होत नाही. पण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आपल्याकडची मुलं सरकारी टेबलांवर बसली, तेव्हा त्यांच्या हाती येणारे कागद कोणते होते? अर्ज, आधारच्या झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले. इंग्रजीतलं पत्र समजत नाही म्हणून त्याचा फोटो टाकावासा वाटणं अगदी साहजिक आहे. तिथे ‘आमच्याकडे असा नियम नाही’ याचा अर्थ परवानगी आहे असा नका घेऊ. साहेबांना विचारा. शक्य झालं तर व्हॉट्सअॅपवर लेखी उत्तर घ्या.

व्हाइटबोर्डबद्दल आपण आणखी बेफिकीर असतो. कागदावर निदान ‘गोपनीय’ असा शिक्का असू शकतो, बोर्डावर कोण मारणार? पुण्यात इंटर्नशिपला गेलात की मीटिंग संपताना कुणीतरी म्हणेल, ‘बोर्डाचा फोटो घे आणि मिनट्स करून टाक.’ बोर्डावर क्लायंटचं नाव, निविदेत भरायचा दर, काम संपवायची तारीख आणि कोपऱ्यात कुणीतरी गेल्या आठवड्यात लिहिलेला वायफायचा पासवर्ड. फोटो घे म्हणणाऱ्याने एआयमध्ये टाक असं म्हटलेलं नसतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि परवानगी पहिल्याचीच मिळालेली असते.

मिनट्सवरून सॅमसंग आठवतं. २०२३च्या मार्चमध्ये त्यांच्या सेमीकंडक्टर विभागाने इंजिनिअरांना चॅटजीपीटी वापरायची मुभा दिली आणि सुमारे वीस दिवसांत तीन प्रकार घडल्याच्या बातम्या आल्या. दोघांनी कंपनीचा प्रोग्रामचा कोड त्यात टाकला. तिसऱ्याने मीटिंगचं रेकॉर्डिंग मजकुरात बदलून टाकलं, कशासाठी, तर मिनट्स काढायला! चोरी करायची म्हणून कुणीच केलं नव्हतं. मे महिन्यात कंपनीने आपल्या उपकरणांवर अशी साधनं बंदच करून टाकली. मला ही सरसकट बंदी पटत नाही. माणसं मग खासगी मोबाइलवरून तेच करतात आणि सांगत नाहीत. माझ्या मैत्रिणीचंही खासगी मोबाइलवरूनच चाललं होतं की.

काही जण म्हणतील, नावं खोडून फोटो टाकला तर? मोबाइलच्या एडिटिंगमधला हायलायटर पेन काळा दिसतो, पण पारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचा आकडा वर येतो. फोटो कापणंही नेहमी पुरेसं नसतं. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा भाग शिल्लक राहत होता, हे मार्च २०२३मध्ये उघड झालं. ती चूक नंतर दुरुस्त झाली, पण तोवर पाठवलेले फोटो पाठवलेलेच राहिले. झाकायचंच असेल तर फोटो काढण्याआधी कागदावर कोरा कागद ठेवा. आणि तरीही आधी विचारा.

आता मैत्रिणीच्या कामाचं काय झालं? सरांनी व्यापाऱ्याच्या मुलाला फोन केला. त्याने नेट बँकिंगवरून तेच स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवून ऑफिसच्या मेलवर पाठवलं. बऱ्याच बँका ही सोय देतात. म्हणजे फोटोची गरजच नव्हती. उरलं एक काम, यूपीआयच्या लांब ओळीतून फक्त नाव वेगळं करायचं. इथे तिने पुन्हा एआयची मदत घेतली, या वेळी सरांना विचारून. फक्त वर दिली आहे तशी एक ओळ, खोटं नाव आणि खोटे आकडे घालून टाइप केली आणि विचारलं, तिरक्या रेषांमधला चौथा भाग कसा काढू? उत्तरात मिळालेलं सूत्र असं:

```
=TRIM(MID(SUBSTITUTE(B2,"/",REPT(" ",100)),301,100))
```

प्रत्येक तिरक्या रेषेच्या जागी शंभर मोकळ्या जागा घालायच्या, मग ३०१व्या जागेपासून शंभर अक्षरं उचलायची आणि रिकाम्या जागा छाटायच्या. खरी नोंद बी२ या चौकटीत, ऑफिसच्याच संगणकावर. सूत्र खाली ओढलं की चाळीस पानांचं काम पाच मिनिटांत. काही नोंदींत बँकेने रेषा कमी-जास्त घातल्या होत्या, तिथे नावाऐवजी बँकेचं नाव आलं. त्या तिने हाताने दुरुस्त केल्या.

आधी गेलेल्या फोटोचं मात्र तेवढ्याने भागलं नाही. तिने त्याच संध्याकाळी चॅट डिलीट केलं, गॅलरीतून फोटो काढला, गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये जाऊन तिथूनही काढला. बॅकअप झालेला फोटो तिथे साठ दिवस पडून राहतो, हे तिला माहीतच नव्हतं. मग एका कागदावर कोणतं पान, किती वाजता, कुठल्या खात्यातून टाकलं ते लिहून सरांना दिलं. सरांनी व्यापाऱ्याला फोनवर जसं घडलं तसं सांगितलं. तो थोडा चिडला, मग त्याने विचारलं, ‘हमालाइचे नंबर पण गेले का त्यात?’ हो म्हणावं लागलं. ज्याचा पॅन दिसत होता त्यालाही फोन गेला. केंद्राच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. त्यातलं, अशी माहिती बाहेर गेली तर संबंधित माणसाला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचं बंधन अठरा महिन्यांनी सुरू होणार आहे. सरांनी त्याची वाट पाहिली नाही.

त्या ऑफिसात आता झेरॉक्स मशीनच्या वर, मार्करने लिहिलेला एक कागद चिकटवला आहे. ‘क्लायंटच्या कागदाचा फोटो खासगी मोबाइलवर नाही. एआयला विचारायचं तर खोटे आकडे घालून. चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, रागावणार नाही.’ शेवटचे दोन शब्द मैत्रिणीच्या आग्रहाने वाढवले आहेत.