पुढील आदेशार्थ सादर

तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू झालो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. मराठवाड्यातला कोरडवाहू तालुका, जमिनीचं संकलन आणि आधीच्या कारकुनाने बांधून ठेवलेले सहा गठ्ठे. पहिल्याच आठवड्यात पासष्टीच्या पुढचे एक शेतकरी टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, माझं प्रकरण कुठवर आलं?" मी गठ्ठ्यातून त्यांची संचिका काढली. जाडी दोन बोटं भरली. त्या संचिकेने मला जे शिकवलं ते आजही रोज टेबलावर उपयोगी पडतं.

मागणी साधी होती. त्यांच्या गटाचं एकूण क्षेत्र 2 हेक्टर 88 आर. दोघा भावांची वाटणी 1998 साली तहसीलदारांच्या आदेशाने झालेली. थोरल्याने आईला सांभाळायचं ठरलं, म्हणून त्याच्याकडे 1 हेक्टर 62 आर आणि धाकट्याकडे 1 हेक्टर 26 आर. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना थोरल्याच्या नावासमोरही 1.26 पडलं. 36 आर, म्हणजे पाऊण एकराहून जास्त जमीन कागदावरून गेली आणि बँक उरलेल्या क्षेत्रावरच पीककर्ज देऊ लागली. अशा चुकीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 155 आहे, लेखनप्रमादाची दुरुस्ती. दोन्ही भावांचं क्षेत्र मिळवलं तर 2.52 येतं, गट आहे 2.88 चा. बेरीज करणाऱ्या कुणालाही काहीतरी चुकलं आहे हे दिसावं. तरी अर्ज देऊन आठ महिने झाले होते.

माझा पहिला समज बाहेरच्या कुठल्याही माणसासारखाच होता: कुणीतरी फाइल दाबून ठेवली असणार. म्हणून एका संध्याकाळी मी कोरा कागद घेतला आणि टिप्पणीच्या पानांवरून व आवक-जावक शिक्क्यांवरून तारखा उतरवल्या. अर्ज 12 जूनला आला. 17 जूनला तलाठ्याला पत्र गेलं. अहवाल मंडळ अधिकाऱ्यांमार्फत 9 सप्टेंबरला परत आला. कारकुनाने तो 14 तारखेला सादर केला, नायब तहसीलदारांनी 18 तारखेला शेरा मारला, "सविस्तर व स्वयंस्पष्ट अहवाल घ्यावा." 22 तारखेला पुन्हा पत्र. दुसरा अहवाल 5 जानेवारीला. 10 तारखेला सादर, 15 तारखेला नवा शेरा, "हितसंबंधितांचे जबाब आहेत काय?" 19 तारखेला तिसरं पत्र. मी हे लिहीत होतो तो दिवस 20 फेब्रुवारीचा.

बेरीज केली. एकूण 253 दिवस, त्यातले 221 दिवस संचिका प्रतीक्षाधीन होती. आमच्या इमारतीतल्या टेबलांवर मिळून ती फक्त 32 दिवस होती आणि कुठल्याही एका टेबलावर सलग पाच दिवसांपेक्षा जास्त थांबली नव्हती. 2005 च्या विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कर्मचाऱ्याने सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ फाइल स्वतःकडे ठेवायची नसते. अर्धन्यायिक प्रकरणं त्यातून वगळलेली असली तरी कार्यालयाला सवय त्याच सात दिवसांची असते. म्हणजे कुणीच नियम मोडला नव्हता. प्रत्येकाने वेळेत कागद पुढे ढकलला होता आणि काम मात्र जागचं हललं नव्हतं.

तो कागद मी आमच्या अव्वल कारकून मॅडमना दाखवला. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. त्यांनी तारखांकडे फारसं पाहिलं नाही. कार्यविवरण नोंदवही उघडली आणि आठवड्याच्या गोषवाऱ्यावर बोट ठेवलं. "पत्र पाठवलं की प्रकरण कुठल्या रकान्यात जातं?"

"प्रतीक्षाधीन."

"आणि साहेब दर सोमवारी कुठला रकाना बघतात?"

साहेब बघत ते शिल्लक. सहा गठ्ठा पद्धतीत पहिला गठ्ठा प्रत्यक्ष कार्यवाहीचा असतो आणि दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. पद्धत चांगली आहे, तिच्यामुळे कुठला कागद कुठे आहे ते सापडतं. पण पत्र गेलं की प्रकरण पहिल्यातून दुसऱ्यात जातं आणि कारकुनाची शिल्लक एकाने कमी होते. ते पत्र उपयोगाचं होतं की नाही, हे गोषवाऱ्यात कुठेच दिसत नाही. आधीच्या कारकुनाकडे दोन संकलनं होती, आळशी माणूस नव्हता तो. गोषवारा जे मोजतो तेवढं त्याने नेमाने केलं होतं.

"आता ती तीन पत्रं काढ आणि मोठ्याने वाच," मॅडम म्हणाल्या.

तिन्हींचा मजकूर जवळजवळ एकच होता: अर्जदाराच्या अर्जाच्या अनुषंगाने चौकशी करून सविस्तर अहवाल सादर करावा. संगणकात साठवलेला नमुना, फक्त नाव आणि गट क्रमांक बदललेला. मग तलाठ्याचे अहवाल वाचले. पहिल्यात होतं, "अर्जदाराचे म्हणण्यात तथ्य दिसून येते. तथापि सहखातेदाराची हरकत संभवते. पुढील आदेशार्थ सविनय सादर." दुसरा अहवाल दुप्पट लांब, पण अर्थ तोच.

पुढच्या मंगळवारी ते तलाठी बैठकीला आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते चिडले नाहीत. त्यांच्या सजात चार गावं होती आणि त्या पावसाळ्यात पंचनामेच दीड महिना चालले होते. पण खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. "भाऊसाहेब, तुमचं पत्र वाचून मला नेमकं काय बघायचं ते कळत नाही. मग मी असं लिहितो की उद्या कुणी चौकशी लावली तर माझ्यावर काही येऊ नये. 'दिसून येते' लिहितो, 'आहे' लिहीत नाही."

संथपणाचं मूळ तिथे होतं. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर येतं. मोघम उत्तरावर सही करायला वरचा अधिकारी धजत नाही आणि त्याने धजू नये हेच बरोबर आहे, कारण चुकीच्या दुरुस्तीने दुसऱ्याची जमीन जाऊ शकते. मग तो शेरा मारतो. शेरा पुन्हा मोघम पत्र होऊन खाली उतरतो. या फेऱ्यात पुढचं पाऊल कोणतं, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं आणि मधल्या माणसाला शिरायला जागा मिळते ती इथेच. त्या शेतकऱ्यांनी मला दबक्या आवाजात विचारलंच होतं, "काही द्यावं लागंल का?" कुणी त्यांच्याकडे मागितलं नसेलही. पण आठ महिने काहीच कळलं नाही तर माणसाच्या मनात दुसरं काय येणार?

मॅडमनी मला एक काम दिलं. हे प्रकरण कोणत्या एका गोष्टीवर ठरेल ते शोधायचं. मला दोन दिवस लागले. कलम 155 ने हक्क ठरवता येत नाही, ठरलेला हक्क उतरवताना झालेली चूक तेवढी सुधारता येते. म्हणून 1998 च्या वाटपाचा फेरफार प्रमाणित झाला होता का, हा खरा मुद्दा होता. झाला असेल, तर 1.62 हा ठरलेला हक्क आणि 1.26 ही लिहिण्यातली चूक. झाला नसेल किंवा रद्द झाला असेल, तर हा भावांमधला वाद आणि तो या कलमात बसत नाही. आठ महिन्यांत हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाच नव्हता.

मग नवं पत्र लिहिलं. त्यात चारच प्रश्न ठेवले. आकारबंदाप्रमाणे गटाचं क्षेत्र किती? वाटपाचा फेरफार कोणत्या तारखेला प्रमाणित झाला? शेवटच्या हस्तलिखित सातबारावर दोघांच्या नावासमोर किती क्षेत्र होतं? त्यानंतर क्षेत्र बदलणारा दुसरा फेरफार आहे का? मॅडमनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, "मूळ वाटपाचा आदेश आपल्याच कार्यालयाचा आहे ना? मग तो तलाठ्याकडून का येईल? अभिलेख कक्षात जा."

तळमजल्यावरच्या अभिलेख कक्षात कायम जतन करायच्या 'अ' वर्गाच्या रुमालांमध्ये तो आदेश अर्ध्या दिवसात सापडला. दोन्ही भावांच्या सह्या, क्षेत्र स्पष्ट. ज्यासाठी आम्ही गावाकडे तीन पत्रं धाडली, त्यातला निम्मा पुरावा आमच्याच पायाखाली होता. तलाठ्याचं उत्तर नऊ दिवसांत आलं, फेरफाराची नक्कल आणि जुन्या सातबाराच्या प्रतीसह. फेरफार प्रमाणित होता. या वेळी त्यांनी 'आहे' असंच लिहिलं होतं.

जबाबासाठी आम्ही थेट कार्यालयातून नोटिसा काढल्या. सुनावणीला धाकटे भाऊ आले आणि त्यांनी हरकत घेतली: आई आता राहिली नाही, मग थोरल्याकडे जास्त जमीन का? मी घाबरलो. हरकत आली म्हणजे प्रकरण पुन्हा लांबणार असं वाटलं. तहसीलदारांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "1998 च्या आदेशावर सही तुमचीच का?" ते हो म्हणाले.

निर्णयाचा मसुदा मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं, "सहखातेदाराची हरकत विचारात घेता अर्ज मंजूर करण्यास प्रत्यवाय नाही." साहेबांनी ते खोडलं आणि समासात लिहिलं: हरकत वाटपाबाबत आहे, नोंदीबाबत नाही, वाटपाबाबत हरकतदारास सक्षम न्यायालयात दाद मागता येईल. त्या एका दुरुस्तीत दोन्ही भावांना उत्तर मिळालं. तोवर मला वाटू लागलं होतं की साहेब फक्त सही करतात आणि निर्णय खालीच होतो. ते अर्धंच खरं निघालं. काय विचारायचं हे कारकून ठरवतो, जागेवर आणि दप्तरात काय आहे हे तलाठी ठरवतो. या दोघांनी आपापलं काम नीट केलं, तर साहेबांपुढे निवाडा करता येईल असा प्रश्न पोचतो. नाही केलं, तर सर्वात मोठा अधिकारीही शेऱ्यापलीकडे काही लिहू शकत नाही.

नवं पत्र गेल्यापासून आदेश होईपर्यंत 41 दिवस लागले. त्यावरून तलाठ्याने फेरफार घेतला, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला आणि सातबारावर 1.62 आलं.

त्यानंतर मी प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातली या कलमाची सगळी प्रकरणं तोच प्रश्न हाती धरून पाहिली. एकात उत्तर 'नाही' आलं. फेरफार कधी प्रमाणितच झाला नव्हता. तो अर्ज फेटाळला गेला. अर्जदार माझ्यावर संतापले आणि त्यांचा संताप मला समजत होता. आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात अपील प्रांताधिकाऱ्यांकडे करता येईल असं लिहिलं होतं. तो मी त्यांना वाचून दाखवला आणि अपिलासाठी लागणारी आदेशाची नक्कल त्याच दिवशी काढून दिली. त्यांचा अर्ज चौदा महिने जुना होता. पहिल्या महिन्यातच हे 'नाही' त्यांच्या हाती पडलं असतं, तर तेरा महिने आधी ते प्रांताधिकाऱ्यांसमोर उभे असते.