अकराच्या ठोक्याला कळ कोण दाबतं?

येत्या २० ऑक्टोबरला दसरा. नायगावच्या बाजारात शोरूमवाल्यांचे स्टेटस आत्तापासून मोजू लागलेत. कुणाच्या नव्या गाडीला १५ दिवस बाकी, कुणाच्या मोबाइलला १०. मुहूर्ताच्या आधी आठवडाभर गिऱ्हाइकाच्या मनात घर करायचं, ही रीत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. मात्र या मोजणीच्या शेवटी जे घडायला हवं ते घडलंच नाही तर काय होतं, हे मी गेल्या दसऱ्याला एका काउंटरजवळ उभं राहून पाहिलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

आमच्या एका स्नेह्यांचं दुचाकींचं दुकान आहे. गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसऱ्याच्या दिवशी सकाळी ११ वाजता त्यांच्याकडं नव्या ई-स्कूटरचं ऑनलाइन बुकिंग सुरू होणार होतं. पहिल्या ५१ जणांना हेल्मेट आणि विम्यात सवलत. सगळी तयारी भाच्यानं केली होती. वर्डप्रेसवर दुकानाची साइट होती, तिच्या पहिल्या पानावर सेकंदासेकंदानं उतरणारे आकडे होते, आणि बुकिंगचं पान ११ वाजता आपोआप उघडेल असं लावून ठेवलं होतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या पोस्टही वेळ लावून तयार होत्या. सात दिवस बाकी, तीन दिवस बाकी, उद्या, आणि शेवटची ११ वाजताची: ‘बुकिंग सुरू झालं!’

११ वाजले. आकडे शून्यावर आले. फेसबुकवर ‘बुकिंग सुरू झालं’ची पोस्ट वेळेवर पडली. लोकांनी लिंक दाबली, तर पान सापडत नाही असा संदेश. दुकानाच्या फोनची घंटी थांबेना. भाच्यानं लॅपटॉपवर तीच लिंक उघडली आणि म्हणाला, “मामा, माझ्याकडं तर उघडायलंय की!” मामांनी स्वतःचा मोबाइल त्याच्यापुढं धरला. त्यावर उघडत नव्हतं.

दोघंही खरं बोलत होते. वेळ लावून ठेवलेलं वर्डप्रेसचं पान बाहेरच्या माणसाला वेळेआधी दिसत नाही, पण साइटचा चालक म्हणून लॉगिन केलेल्याला दिसतं. भाचा लॉगिन होता. म्हणजे ज्याच्यावर तपासायची जबाबदारी, नेमका तोच एकटा ते पान पाहू शकत होता. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, किंवा कधीच लॉगिन न केलेल्या दुसऱ्या मोबाइलवरून पाहिलं असतं, तर गिऱ्हाइकाला दिसतं तेच त्यालाही दिसलं असतं.

पान उघडलं का नाही, तर साइटचं घड्याळ ग्रीनिचचं होतं. नवी वर्डप्रेस साइट उभी केली की सेटिंगमधला टाइमझोन बहुधा UTC+0 असतो. तो बदलला नाही, तर तुम्ही ११ लिहिता आणि साइट समजते ग्रीनिचचे ११. म्हणजे नायगावात दुपारचे साडेचार. पानावरचे उतरते आकडे मात्र गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या घड्याळावर चालत होते आणि फेसबुकच्या पोस्टला भारतीय वेळ लागली होती. एकाच मुहूर्ताला तीन घड्याळं, आणि त्यातलं जे कुलूप उघडणार होतं नेमकं तेच साडेपाच तास मागं. भाच्यानं ११ वाजून २० मिनिटांनी हातानं पान प्रसिद्ध केलं. तोवर आपट्याची पानं हातात घेऊन आलेली माणसं काउंटरसमोर विचारत होती की पहिले ५१ संपले का.

साडेपाच तासांचा हा घोटाळा तारीख लिहिण्याच्या पद्धतीतही लपलेला असतो. जावास्क्रिप्टमध्ये उलट्या मोजणीसाठी तारीख द्यावी लागते. ती अशी दोन प्रकारे लिहिता येते:

```js
new Date("2025-10-02")
new Date("2025-10-02T11:00:00+05:30")
```

पहिल्या ओळीत नुसती तारीख आहे. ती ग्रीनिचची मध्यरात्र मानली जाते, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाच. दुसऱ्या ओळीत शेवटी `+05:30` आहे, त्यामुळं ती नायगावात, दुबईत किंवा लंडनमध्ये उघडली तरी तोच एक क्षण दाखवते. तो शेवटचा तुकडा गाळला तर ज्याच्या त्याच्या गावचे ११ धरले जातात.

टाइमझोन बरोबर असता तरी आणखी एक खोच होती. ठरल्या वेळी पान प्रसिद्ध करण्याचं वर्डप्रेसचं यंत्र स्वतःहून जागं होत नाही. कुणीतरी साइटला भेट दिली की ते डोळे उघडतं आणि काही काम राहिलंय का ते पाहतं. लहान गावातल्या दुकानाच्या साइटवर कधी कधी तासभर कुणी फिरकत नाही, मग काम तेवढंच रेंगाळतं. त्यात साइट वेगवान व्हावी म्हणून पानांच्या तयार प्रती साठवून दिल्या जात असतील, तर भेट देणारा वरच्या वर परत जातो आणि आतल्या यंत्राला जागच येत नाही. यावर उपाय म्हणजे होस्टिंगच्या सर्व्हरवरच दर मिनिटाला त्या यंत्राला हाक मारणारं काम लावणं. नेहमीच्या होस्टिंगच्या पॅनलमध्ये त्याला ‘क्रॉन जॉब’ म्हणतात.

आता मोठ्या प्रमाणावर पाहू. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग ३० जुलै २०२२ ला सकाळी ११ वाजता उघडलं. सुरुवातीची किंमत पहिल्या २५,००० बुकिंगपुरतीच होती. ते २५,००० पहिल्या मिनिटाच्या आतच भरले, आणि अर्ध्या तासात आकडा १ लाखावर गेला. पहिल्या मिनिटात सेकंदाला ४०० हून जास्त माणसं. इथं कुणाच्या मोबाइलमध्ये ११ वाजले याला काही अर्थ उरत नाही. क्रम लावायचा तर तो सर्व्हरच्या घड्याळावरच लावावा लागतो. मोबाइलवरचे उतरते आकडे ही केवळ शोभा. घड्याळ दहा मिनिटं पुढं असलेल्याच्या मोबाइलवर बटण आधी दिसू लागेल, पण दार उघडायचं की नाही ते सर्व्हरनंच ठरवायला हवं. बटण नुसतं लपवलेलं असेल, तर त्यामागचा पत्ता शोधून तो गटांमध्ये फिरवणारा कुणीतरी निघतोच.

माझ्या मते खरा दोष याहून खोल आहे. उलट्या मोजणीची आपण फक्त शोभा उचलली, तिची शिस्त मागं ठेवली. ती शिस्त पाळणाऱ्या अग्निबाणवाल्यांकडं पाहा. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी ठरलं होतं. ५६ मिनिटं आणि २४ सेकंद उरलेले असताना तांत्रिक अडचण दिसली, मोजणी थांबवली गेली, आणि यान २२ जुलैला दुपारी निघालं. गगनयानच्या २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत तर अवघे ५ सेकंद उरले असताना संगणकानंच उड्डाण रोखलं. दोष शोधून दुरुस्त केला आणि त्याच सकाळी १० वाजता उड्डाण झालं. तिथं शून्य ही नुसती वेळ नसते. वेळ झालीय आणि सगळं तयार आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच कळ दाबली जाते. मोजणी म्हणजे तपासण्यांची यादी, आणि तिच्यात थांबण्याची सोय आधीपासून असते.

विक्रीच्या मोजणीत थांबण्याची सोय क्वचितच कुणी ठेवतं. ओला इलेक्ट्रिकच्या स्कूटरची खरेदी ८ सप्टेंबर २०२१ ला सुरू व्हायची होती. वेबसाइट तयार नव्हती. लोक कित्येक तास ताटकळले, मग कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि खरेदी १५ सप्टेंबरवर गेली. तिथंही थांबणं झालंच, पण लोक दारात जमल्यावर.

म्हणून मला ठामपणे वाटतं की ‘सुरू झालं’ ही पोस्ट कधीही वेळ लावून ठेवू नये. सात दिवस, तीन दिवस, एक दिवस या पोस्ट खुशाल वेळेवर सोडाव्यात, त्या फक्त बोलावणं करतात. पण दार उघडल्याची दवंडी दार उघडल्यावरच पिटायची. मोठ्या कंपनीत हे काम यंत्र करतं: पान उघडतंय का, एक खोटं बुकिंग शेवटपर्यंत जातंय का हे पाहतं, आणि मगच पोस्ट सोडतं. लहान दुकानात माणसाचा अंगठा पुरतो.

बोलावण्याच्या पोस्टमध्येही एक चूक सर्रास होते. ‘फक्त २ तास बाकी’ असं सकाळी ९ ला लावलेलं व्हॉट्सअॅप स्टेटस दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत तसंच दिसत राहतं. संध्याकाळी शेतातून परतलेला माणूस ते पाहतो तेव्हा बुकिंग सुरू होऊन सहा-सात तास झालेले असतात. फेसबुकही पोस्ट टाकल्या क्रमानं दाखवत नाही, ‘उद्या’ची पोस्ट कुणाला परवा दिसते. ‘मंगळवार, २० ऑक्टोबर, सकाळी ११’ हे कधीही वाचलं तरी खरंच राहतं. सेकंदांचा थरार हवाच असेल तर इन्स्टाग्राम स्टोरीतलं काउंटडाउनचं स्टिकर लावावं. ते स्वतः मोजतं, आणि ज्यानं आठवण मागितली त्याला वेळ संपताच सूचना देतं.

आणखी एक मोजणी आहे, ती मला साफ नामंजूर आहे. पान पुन्हा उघडलं की जी पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू होते ती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ज्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली, तिच्यात खोटी घाई पहिलीच आहे. ती ओळखायला तेच पान दुसऱ्या मोबाइलवर उघडून आकडे जुळतात का ते पाहावं.

आमच्या स्नेह्यांनी यंदा काय बदललं ते गेल्या आठवड्यात दुकानात बसून पाहिलं. साइटचा टाइमझोन कोलकाता केलाय. सर्व्हरवर मिनिटामिनिटाचं काम लावलंय. भाच्यानं माझ्यासमोर एक कोरं पान दहा मिनिटांनंतरची वेळ लावून ठेवलं आणि मामांच्या, माझ्या आणि चहावाल्या पोराच्या मोबाइलवर ते उघडतंय का ते पाहिलं. मामांच्या आणि माझ्या मोबाइलवर वेळेवर उघडलं. पोरानं ते वेळेआधीच एकदा उघडून पाहिलं होतं, त्याच्या मोबाइलनं जुनंच ‘सापडत नाही’ दाखवलं. पुन्हा लोड केल्यावर आलं. भाच्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि पहिल्या पानावरच्या उतरत्या आकड्यांखाली एक ओळ घातली: ‘बुकिंगचं पान दिसत नसेल तर ते पुन्हा लोड करा.’

‘बुकिंग सुरू झालं’ची पोस्ट यंदा मामांच्या मोबाइलमध्ये मसुदा म्हणून पडून आहे. तिच्याशेजारी दुसरा मसुदा: ‘थोडी अडचण आलीय, बुकिंग साडेअकराला उघडेल. पहिल्या ५१ चा क्रम तेव्हापासूनच लागेल.’ दसऱ्याला ११ वाजता भाचा लॉगिन नसलेल्या मोबाइलवर पान उघडेल, स्वतःच्या नावानं एक बुकिंग शेवटपर्यंत नेईल आणि काउंटरवरून मामांना हाक देईल. दोनपैकी कोणता मसुदा सोडायचा ते मामा तेव्हा ठरवतील.