कॉर्ड : ओळीच्या वरून ओळीच्या आत

गिटारच्या वह्यांमध्ये गाण्याची ओळ खाली आणि तिच्या कॉर्ड वर, अशी मांडणी रूढ आहे. कॉर्ड नेमकी कुठे बदलायची, हे इथे फक्त मोकळ्या जागांवरून कळते. टंकलेखन यंत्रात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असल्याने हे जमून जाई. संगणकावर फाँट बदलला किंवा मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळ मोडली, की वरची कॉर्ड भलत्याच शब्दावर जाऊन बसते.

यावरचा उपाय म्हणजे कॉर्ड चौकोनी कंसात घालून ती ज्या अक्षरावर वाजते त्याच्या लगेच आधी लिहायची. या लेखनपद्धतीला कॉर्डप्रो म्हणतात. १९९०च्या दशकात मार्टिन लेक्लेर्क आणि मारियो डोरियन यांनी लिहिलेल्या एका छपाईच्या प्रोग्रॅममधून ती आली. कॉर्ड अक्षराला चिकटलेली असल्याने ओळ कशीही मोडली तरी तिची जागा सुटत नाही, आणि पट्टी बदलायची झाल्यास प्रोग्रॅम कंसातली नावे तेवढी बदलतो.

रूपांतराची पहिली पायरी म्हणजे कोणती ओळ कॉर्डची आणि कोणती शब्दांची, हे ठरवणे. कॉर्डचे नाव `A` ते `G` यांपैकी एका अक्षराने सुरू होते. त्यापुढे `#` किंवा `b`, मग `m`, `7`, `sus4`, `dim` अशी ठरावीक चिन्हे येऊ शकतात. ओळीतला प्रत्येक शब्द या साच्यात बसला, तर ती कॉर्डची ओळ मानायची. फसगत होते ती रोमन लिपीत लिहिलेल्या आलापाशी. `A A A` ही ओळ आलापही असू शकते आणि ए मेजर कॉर्डही. अशा वेळी वरची-खालची ओळ पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

दुसरी पायरी जागा मोजण्याची. उदाहरणादाखल रोमन लिपीतली एक ओळ घेऊ :

```
G       Em    C    D7    G
Dongar utarun aali vaat
```

मोजणी शून्यापासून केली, तर कॉर्ड अनुक्रमे ०, ८, १४, १९ आणि २५ या जागांवर आहेत. खालच्या ओळीतल्या त्याच जागी कंस घालायचे, पण उजवीकडून डावीकडे. डावीकडून सुरुवात केली, तर `[G]` घालताच पुढचा मजकूर तीन जागा सरकतो. मग आठव्या जागेवरची `Em` ही `utarun` मधल्या `t` आधी न पडता `Dongar` च्या शेवटच्या `r` आधी पडते. पुढच्या प्रत्येक कंसाबरोबर ही चूक वाढत जाते. उजवीकडून आल्यास अजून घालायच्या कॉर्डच्या जागा हलतच नाहीत.

शेवटची `G` शब्द संपल्यानंतर येते. ओळ २३ अक्षरांची असल्याने तिच्यापुढे आधी दोन मोकळ्या जागा भरून मग कंस घालावा लागतो. तयार झालेली ओळ अशी :

```
[G]Dongar u[Em]tarun [C]aali [D7]vaat  [G]
```

मूळ फाइलमध्ये टॅब वापरलेले असतील, तर मोजण्याआधी त्यांच्या साध्या मोकळ्या जागा करून घ्याव्यात. संगणक टॅबला एकच चिन्ह मानतो, डोळ्यांना मात्र ती बरीच मोठी जागा दिसते. ज्या कॉर्डच्या ओळीखाली शब्दच नाहीत, उदाहरणार्थ सुरुवातीचे वादन, तिथे नुसते कंस एकापुढे एक लिहायचे.

देवनागरीत ही मोजणी अपुरी पडते. ‘डोंगर’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणक ड, ओकार, अनुस्वार, ग आणि र अशी पाच चिन्हे साठवतो. नुसती चिन्हे मोजली, तर कंस ड आणि त्याच्या ओकाराच्या मधोमध घुसू शकतो. तसे झाले की पडद्यावर ओकार ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला दिसतो. म्हणून मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे धरून पूर्ण अक्षर हे एक माप मानावे आणि कंस नेहमी अक्षराच्या सुरुवातीलाच घालावा. तरीही देवनागरी अक्षरांची रुंदी कमीजास्त असते आणि मूळ लेखकाने कॉर्ड नजरेच्या अंदाजाने ठेवलेली असते. त्यामुळे अशी प्रत्येक ओळ वाजवून तपासण्याला पर्याय नाही.

कॉर्डप्रो प्रोग्रॅममध्ये हे रूपांतर करणारी सोय आहे :

```
chordpro --a2crd gaane.txt
```

निकाल दोन प्रकारे तपासावा. सगळे कंस काढून टाकल्यावर मूळ शब्द जसेच्या तसे उरले पाहिजेत. शेवटी भरलेल्या मोकळ्या जागांचा फरक तेवढा चालतो. पण कॉर्ड सरकल्याची चूक यात सापडत नाही. त्यासाठी कंसांवरून पुन्हा वर कॉर्ड, खाली शब्द अशी मांडणी तयार करून ती मूळ पानाशेजारी ठेवावी. प्रत्येक कॉर्ड मूळच्याच अक्षरावर आली, तर रूपांतर बरोबर. ओळीच्या शेवटाकडे कॉर्ड वाढत्या अंतराने डावीकडे सरकलेल्या दिसल्या, तर कंस उलट्या दिशेने घातले गेले आहेत असे समजावे.