जुन्या खरेदीखतातला शून्य आणि ‘ओ’

आजोबांचं इंग्रजी टाइप केलेलं खरेदीखत आम्ही स्कॅन करून मजकुरात बदललं. सर्व्हे नंबर होता 108/1, उतरला 1O8/l. शून्याचा ‘ओ’ झाला, एकचा ‘एल’. दिसायला तेच, पण 108 शोधलं की सापडत नाही.

सगळे ‘ओ’ एकदम बदलू नका, नावं बिघडतील. आकड्यांत घुसलेली अक्षरं शोधून, मूळ कागद शेजारी ठेवून एकेक दुरुस्त करा.

क्षेत्रही पाहा. ४० गुंठ्यांचा एकर होतो, म्हणून ‘२ एकर ५८ गुंठे’ दिसलं तर शंका घ्या. आमच्या कागदावर ३८ होते. रक्कम अक्षरी लिहिलेल्या आकड्याशी जुळवा.

मूळ दस्तातलीच चूक मात्र तशीच ठेवा. ती नोंदणीकृत चूक दुरुस्ती पत्राने सुधारता येते.