अकरा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला काय द्यायचं? दुर्बिणीचा विचार करा

दहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींना भेट देताना घरोघरी हाच प्रश्न पडतो. रिमोटची गाडी दिली तर ती दोन दिवसांत माळ्यावर जाते, आणि मोबाइल द्यायला आई-बाबा तयार नसतात. या वयात मुलांना खोट्या वस्तू नको असतात. मोठी माणसं वापरतात तीच खरी वस्तू हवी असते. अशी एक वस्तू म्हणजे दोन डोळ्यांनी बघायची दुर्बीण.

पण घेताना एक गोष्ट सांभाळा. दुकानदार आधी 'तीस पट, पन्नास पट' असं सांगतो, त्याला भुलू नका. जितकं मोठं दिसतं तितका हाताचा कंपही मोठा होतो आणि चित्र नाचत राहतं. दुर्बिणीवर ८ x ३० किंवा ८ x ३२ असे आकडे बघा. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८ x ४२ मध्ये संध्याकाळी जास्त उजळ दिसतं, पण ती साधारण दीडपट जड असते, आणि लहान मान लवकर दुखते.

दुसरी अडचण फारसं कोणी सांगत नाही. मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं. काही दुर्बिणी तेवढ्या मिटतच नाहीत. म्हणून मुलाला दुकानात सोबत न्या. दोन्ही नळ्या जवळ आणून दूरची पाटी बघायला सांगा. एकच गोल दिसला तर ठीक. दोन गोल किंवा कडेला काळी सावली राहिली तर दुसरी बघा. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या दुमडून किंवा खाली फिरवून बघायला सांगा.

घरी आल्यावर आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करायचं. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. एवढं केलं नाही तर डोकं दुखतं आणि दुर्बीण कपाटात जाते.

मग बेळगावच्या किल्ला तलावावर, चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात किंवा इंदूरच्या सिरपूर तळ्यावर सकाळी जा. तळ्याकाठी खंड्या, बगळा, पाणकावळा यांपैकी काही दिसलं की तारखेसह वहीत लिहायला सांगा. रात्री गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकून चंद्रावरचे खड्डे बघता येतात. ते बघायला पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचा चंद्र बरा, कारण तेव्हा खड्ड्यांच्या सावल्या पडतात. आकाशात गुरू असेल आणि हात स्थिर असेल तर त्याच्या शेजारचे उपग्रहही ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

भेट हातात देतानाच एक नियम पक्का सांगा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही. क्षणभर बघितलं तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.